रक्त दिसताच गार घाम आणि अंधारी: अंग सैल सोडू नका, आवळा

रक्त दिसलं की काही जणांचा चेहरा पांढराफटक पडतो, कपाळावर गार घाम फुटतो, पोटात ढवळून येतं आणि मिनिट-दोन मिनिटांत डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी शेजारचा माणूस हमखास सांगतो, "शांत हो, अंग सैल सोड, लांब श्वास घे." सल्ला मायेनं दिलेला असतो, पण या एका त्रासात तो उलटा पडतो. उंचीला, कुत्र्याला किंवा परीक्षेला घाबरणाऱ्याचं हृदय धडधडत असतं आणि रक्तदाब चढलेला असतो, म्हणून त्याला अंग सैल सोडून बरं वाटतं. रक्त पाहून घेरी येणाऱ्याचा रक्तदाब मात्र कोसळत असतो. सैल सोडलेलं अंग तो आणखी खाली नेतं. त्याला हवं असतं ते जोर लावून स्नायू आवळणं, तेही ठरावीक पद्धतीनं आणि ठरावीक वेळ.

मी रक्तपेढीत काम करते. सुई पाहून गार पडणारी माणसं आमच्याकडे नेहमी येतात आणि त्यातली बरीच धट्टीकट्टी, एरवी कशालाही न डगमगणारी असतात. "मी एवढा भित्रा नाही हो," असं ती ओशाळून सांगतात. त्यांचं खरं असतं. हा धीराचा प्रश्न नाही, एका प्रतिक्षिप्त क्रियेचा आहे. ती कशी चालते हे एकदा नीट कळलं की खालचा व्यायाम असाच का करायचा, हेही आपोआप कळतं.

आधी चढ, मग उतार

रक्त, जखम किंवा सुई दिसल्यावर पहिले काही क्षण या माणसाच्या शरीरात तेच होतं जे कुठल्याही भीतीत होतं. नाडी वाढते, रक्तदाब थोडा चढतो, छातीत धडधडतं. वेगळेपण त्याच्या पुढे आहे. इतर भीतींमध्ये हा चढ टिकून राहतो, इथे तो अचानक उलटतो.

उलटवणारं केंद्र मेंदूच्या तळाशी, मणक्याच्या वरच्या टोकाला असलेल्या लंबमज्जेत आहे. तिथून एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. पहिली व्हेगस नर्व्हमार्फत. ही नस लंबमज्जेतून निघते, मानेतून मोठ्या रोहिणीच्या कडेनं खाली उतरते आणि हृदय, फुप्फुसं, जठर अशा बऱ्याच अवयवांना जाऊन भेटते. हृदयाचे ठोके जिथून सुरू होतात तिथे तिच्या टोकांतून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं द्रव्य सुटतं आणि ठोके मंदावतात. शंभराजवळ गेलेली नाडी बघता बघता पन्नाशीत येते. क्वचित काही सेकंद ठोकाच पडत नाही.

दुसरी गोष्ट रक्तवाहिन्यांत घडते, आणि व्हेगसच्या नावामागे ती झाकली जाते. आपल्या हातापायांच्या स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या दिवसभर किंचित आवळलेल्या असतात. त्यांना तसं ठेवणारे संदेश सिंपथेटिक नसांतून सतत येत असतात, म्हणून तर उभं राहिल्यावर सगळं रक्त पायांत उतरत नाही. प्रतिक्षिप्त क्रिया सुरू झाली की हे संदेश एकदम थांबतात, वाहिन्या ढिल्या पडतात आणि रक्त खालीच रेंगाळतं. नळाला दाब कमी असला की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, तसं मग मेंदूपर्यंत रक्त पुरेसं चढत नाही.

या दोघांपैकी खरा दोषी कोण, हे लंडनचे हृदयतज्ज्ञ सर थॉमस लुईस यांनी 1932 साली दाखवून दिलं. अशी घेरी आलेल्या माणसाला त्यांनी शिरेतून अ‍ॅट्रोपिन दिलं. अ‍ॅट्रोपिन व्हेगसचा हृदयावरचा परिणाम रोखतं. अपेक्षेप्रमाणे नाडी वर आली, पण रक्तदाब खालीच राहिला आणि माणूस तसाच फिकट, अर्धवट शुद्धीत. म्हणजे हृदयाचा मंद ठोका हा गोष्टीचा अर्धाच भाग होता. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बारक्रॉफ्ट, एडहोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांचं रक्त काढताना त्यांच्या दंडाखालच्या हातातला रक्तप्रवाह मोजला. घेरी येताना रक्तदाब कोसळत असूनही स्नायूंमधला प्रवाह वाढलेला दिसला. रक्त कुठे जातंय याचं उत्तर तिथेच मिळालं: ढिल्या पडलेल्या स्नायूंच्या रक्तवाहिन्यांत.

स्नायू आवळण्याचा उपाय याच उत्तराशी जुळतो. जिथे रक्त अडकलंय तिथून ते पिळून वर ढकलायचं, एवढंच तो करतो.

फिकटपणा, गार घाम आणि मळमळ

रक्तदाब घसरू लागला की शरीर तो सावरायची धडपडही करत असतं. अ‍ॅड्रिनलिन आणि व्हॅसोप्रेसिन ही संप्रेरकं रक्तात सोडली जातात. त्यांच्यामुळे त्वचेच्या वाहिन्या आकसतात आणि चेहरा, ओठ, नखं पांढरी पडतात. स्नायूंतल्या वाहिन्या उघडलेल्या आणि त्वचेतल्या मिटलेल्या, असा हा विचित्र प्रकार असतो.

घामाशी व्हेगसचा संबंध नाही, ती नस घामाच्या ग्रंथींपर्यंत जातच नाही. ग्रंथींना चालवणाऱ्या सिंपथेटिक नसा वेगळ्या असतात आणि रक्तवाहिन्यांच्या नसा गप्प झाल्या तरी या चालूच राहतात. एरवी उन्हात किंवा धावल्यावर घाम येतो तेव्हा त्वचा लाल आणि ऊन असते. इथे घाम रक्त आटलेल्या त्वचेवर फुटतो आणि तिची उरलीसुरली ऊबही घेऊन जातो. म्हणून तो हाताला गार, चिकट लागतो. कपाळ, वरचा ओठ आणि मानेमागचा भाग आधी ओला होतो.

मळमळ येते कारण हृदय सांभाळणारी आणि उलटीची केंद्रं लंबमज्जेत अगदी शेजारी शेजारी आहेत. शिवाय वाढलेलं व्हॅसोप्रेसिन आणि जठराचं थबकलेलं काम तिला भर घालतात. पोट बिघडलेलं नसतं. त्यामुळे अशा वेळी लिंबूपाणी किंवा पित्ताची गोळी दिल्यानं काही साधत नाही, उलट बेशुद्ध पडताना तोंडातलं पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

अंधारीबद्दल मात्र नीट समजून घ्या, कारण ती घड्याळासारखी वापरता येते. डोळ्याच्या आत स्वतःचा दाब असतो आणि येणाऱ्या रक्ताला त्या दाबावर मात करून आत शिरावं लागतं. रक्तदाब घसरला की नेत्रपटल मेंदूच्या आधी उपाशी पडतं. म्हणून आधी रंग फिके होतात, कडेचं दिसेनासं होतं, आवाज लांबून येतात, आणि हे सगळं होत असताना माणूस अजून शुद्धीत असतो. मेंदूचा रक्तपुरवठा पुरता तुटला की सहा ते आठ सेकंदांत शुद्ध हरपते. तेव्हा अंधारी आल्यावर हातात काही सेकंदच असतात. त्या सेकंदांत फक्त खाली जायचं: आडवं व्हा, नाहीतर निदान जमिनीवर उकिडवे बसा आणि डोकं गुडघ्यांत घाला. व्यायामाची वेळ त्याच्या आधीची आहे.

हे दुसरं काही नाही ना?

व्यायाम शिकण्याआधी एवढी खात्री करून घ्या. आपला त्रास याच प्रकारचा असेल तर त्याला ठळक कारण असतं (रक्त, सुई, जखम, ऑपरेशनचं वर्णन), आधी मळमळ-घाम-फिकटपणा येतो, तो बसल्या-उभ्या येतो आणि आडवं पडल्यावर मिनिटभरात माणूस भानावर येतो. बहुतेकांना लहानपणापासून हे असतं आणि आई, वडील, मामा, आत्या यांपैकी कुणाला तरी अनेकदा असतं. घरात विचारून पाहा.

पण जिना चढताना किंवा खेळताना शुद्ध गेली, आडवं पडलेलं असताना गेली, कुठलीही सूचना न देता माणूस धाडकन कोसळला, आधी छातीत दुखलं किंवा जोरात धडधडलं, घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं आहे, किंवा चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं झालं, तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा आणि ईसीजी काढून घ्या. तसंच रक्तदाब आटोक्यात नसेल, हृदयाचा आजार, काचबिंदू किंवा हर्निया असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर जोर लावून स्नायू आवळण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

स्नायू आवळण्याचा व्यायाम

ही पद्धत स्वीडनच्या लार्स-योरान ऑस्ट आणि उल्फ स्टर्नर यांनी 1987 मध्ये मांडली. रक्त पाहून घेरी येणाऱ्यांना त्यांनी पाच बैठकांत ती शिकवली. 1991 मध्ये ऑस्ट यांच्या गटानं तुलनाही करून पाहिली. नुसतं रक्तासमोर जाऊन सवय करण्यापेक्षा स्नायू आवळायला शिकणाऱ्यांना जास्त फायदा झालेला दिसला.

पाठ टेकायला आधार आणि पाय जमिनीला टेकतील अशा खुर्चीत बसा. दोन्ही मुठी आवळा, दंड ताठ करा, मग छाती आणि पोट, आणि शेवटी मांड्या, नितंब, पोटऱ्या. सगळं एकत्र, जोर लावून. त्यातही पाय आणि नितंब सगळ्यांत महत्त्वाचे, कारण शरीरातले सर्वांत मोठे स्नायू तिथे आहेत आणि रक्तही तिथेच साठतं. चेहरा मात्र आवळायचा नाही. दात दाबून, कपाळाला आठ्या घालून फक्त डोकं दुखतं.

हा ताण 10 ते 15 सेकंद धरा. सेकंद मोजत बसण्यापेक्षा एक खूण जास्त खरी आहे: चेहऱ्यावर ऊब चढल्यासारखी वाटली पाहिजे. ती आली म्हणजे रक्तदाब वर गेला. ऊब येत नसेल तर जोर कमी पडतोय, आणि बहुधा पायांचा.

आता सोडायचं, आणि लोक चुकतात ते इथे. ताण सोडायचा तो नुसता सुरुवातीच्या स्थितीपर्यंत. खुर्चीत ताठ बसलेल्या माणसाचे स्नायू जितके जागे असतात तितके जागे राहू द्यायचे. हुश्श करून अंग टाकून दिलं तर कमावलेला दाब लगेच निघून जातो. 20 ते 30 सेकंद असं बसून पुन्हा आवळा. असं पाच वेळा केलं की एक फेरी झाली. दिवसातून पाच फेऱ्या, आठवडाभर. एक फेरी तीन-चार मिनिटांची असते. बसस्टॉपवर, जेवणाच्या सुट्टीत, टीव्हीसमोर कुठेही होते. डोकं दुखू लागलं तर जोर थोडा कमी करा किंवा फेऱ्या कमी करा, पण बंद करू नका.

श्वासाबद्दल दोन गोष्टी सांभाळा. आवळताना श्वास कोंडायचा नाही. शौचाला कुंथल्यासारखा श्वास कोंडला की छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारं रक्तच अडतं, म्हणजे आपण करतोय त्याच्या उलट होतं. हळू आवाजात आकडे म्हणत राहिलं की श्वास आपोआप चालू राहतो. दुसरं, भराभर लांब श्वास घ्यायचे नाहीत. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच कमी असलेला पुरवठा आणखी घटतो. ओठांना, बोटांना मुंग्या येऊ लागल्या तर श्वास जास्त होतोय असं समजा आणि नेहमीच्या संथ श्वासावर या.

उभं राहून करायचं असेल तर पाय एकमेकांवर तिढा घालून उभे राहा आणि मांड्या एकमेकींवर दाबा. नितंब आणि पोट आवळा. बाहेरून बघणाऱ्याला कळतही नाही. ज्यांना वॉर्डात, ऑपरेशन थिएटरमध्ये किंवा अपघाताच्या जागी उभं राहावं लागतं, त्यांनी ही रीत जरूर पक्की करावी.

एक उदाहरण, तपशिलासह

ओळखीतली एक मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. पुतळ्यावर सुई टोचणं तिला छान जमायचं. वॉर्डात मधुमेही रुग्णाच्या पायाचं ड्रेसिंग पाहताना मात्र ती दोनदा खाली बसली. तिची आईही इंजेक्शन पाहून गार पडणारी. "काकू, मी कोर्स सोडू का?" म्हणून विचारायला आली.

आधी आम्ही तिची पहिली खूण शोधली. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण सगळं त्यावर उभं आहे. तिला वाटायचं की आपल्याला आधी मळमळतं. मोबाइलवर रक्त काढण्याचा व्हिडिओ दाखवून बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावला तेव्हा वेगळंच दिसलं. नाडी आधी 80 वरून 100 च्या पुढे गेली, मग उतरू लागली, आणि उतरायला लागताच तिनं जांभई दिली. पाठोपाठ दुसरी. मानेमागे ओलसरपणा त्यानंतर आला आणि मळमळ सगळ्यांत शेवटी. तोवर नाडी पन्नाशीत होती. म्हणजे मळमळीची वाट पाहून ती दर वेळी उशीर करत होती. तिची खूण जांभई ठरली. कुणाची खूण कानात दडे बसणं असते, कुणाची हातापायांत ऊब येऊन जाणं, कुणाचं बोलणं मध्येच थांबणं. शेजारी बसलेल्या माणसाला ती अनेकदा आपल्याआधी दिसते, म्हणून पहिल्यांदा कुणाला तरी बरोबर घ्यावं.

ऑक्सिमीटरबद्दल सांगायला हवं की तो नाडी दाखवतो, रक्तदाब नाही. लुईस यांनी दाखवलं तसं नाडी ठीक असूनही दाब कोसळलेला असू शकतो. शिवाय बोटं गार पडली की त्याचे आकडे भरकटतात. घरचं बीपीचं मशिन तर एका मोजणीला अर्धा-पाऊण मिनिट घेतं आणि ऐन घसरणीत बहुधा चूक दाखवून थांबतं. आकड्यांवर अवलंबून राहू नका, खुणेवर राहा.

आठवडाभर तिनं नुसता व्यायाम केला, रक्त नाही, फोटो नाही. पाय आवळल्यावर चेहऱ्यावर ऊब येणं तिला पाठ झालं. मग पायऱ्या ठरवल्या. पहिली, रक्तानं भरलेल्या काचेच्या नळीचा फोटो. दुसरी, शिरेत सुई जातानाचा फोटो. तिसरी, तोच मूळचा व्हिडिओ. चौथी, लॅबमध्ये खऱ्या नळ्या हातात धरणं. पाचवी, दुसऱ्याचं रक्त काढताना शेजारी उभं राहणं. सहावी, आडवं पडून स्वतःचं रक्त देणं. सातवी, ड्रेसिंग.

प्रत्येक पायरीवर नियम एकच होता. बघायचं, नजर हटवायची नाही, आणि जांभई आली की त्याच क्षणी आवळायचं. ऊब चढेपर्यंत धरायचं, सोडायचं, पुन्हा बघायचं. खूण परत आली तर परत आवळायचं. खूण येईनाशी झाली आणि चित्र नुसतं चित्र वाटू लागलं, की ती पायरी संपली. पळून जाऊन संपवायची नाही, कारण मग शरीर हेच शिकतं की पळालो म्हणून वाचलो. व्हिडिओच्या पायरीवर ती अडली होती. आवळायची, पण सोडताना खुर्चीत पूर्ण टेकून जायची, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला घाम फुटायचा. सोडताना ताठ राहायला सांगितल्यावर ते थांबलं.

पाचव्या पायरीवर एकदा ती उभ्यानं आवळायला विसरली आणि कडेचं दिसेनासं झालं. ती लगेच उकिडवी बसली, कारण ते आधीच ठरवून ठेवलेलं होतं. उकिडवं बसलं की पायांतलं रक्त तत्काळ वर दाबलं जातं आणि डोकंही खाली येतं. मात्र त्यातून झटकन उभं राहिलं की दाब पुन्हा पडतो. म्हणून ती मांड्या आवळूनच उठली, सावकाश, भिंतीचा आधार घेत. ड्रेसिंग तिनं नंतर केलं. आजही वास उग्र असला की पहिल्या मिनिटाला ती पायांना तिढा घालून उभी राहते. रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो.

हा सराव अधूनमधून करत राहावा लागतो. वर्षभर रक्ताशी गाठच पडली नाही तर पुन्हा काही दिवस फेऱ्या करून मगच सुईसमोर जा.

प्रत्यक्ष रक्त देताना

लॅबमध्ये गेल्यावर पहिलं वाक्य हे म्हणा: "मला रक्त बघून चक्कर येते, आडवं होऊन देईन." कुणी हसत नाही. बेड नसेल तर मागे कलणारी खुर्ची मागा. लाजेनं गप्प राहून साध्या स्टुलावर बसणं सगळ्यांत धोक्याचं, कारण तिथून माणूस थेट फरशीवर पडतो.

निघण्याआधी, सुईच्या साधारण पंधरा-वीस मिनिटं आधी, अर्धा लिटर पाणी प्या. पोटात एकदम गेलेलं पाणी सिंपथेटिक नसांना चाळवतं आणि थोडा वेळ रक्तदाब धरून ठेवतं. उपाशीपोटी करायच्या शुगरच्या तपासणीलाही साधं पाणी चालतं. अनेक जण तेही टाळून तहानलेले येतात, आणि तेच आधी गार पडतात. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर मात्र डॉक्टरांनी सांगितलेलंच प्रमाण पाळा.

ज्या हातात सुई जाणार तो हात सैल ठेवायचा. तो आवळला तर शीर सरकते, सुई दुखते आणि दुसऱ्यांदा टोचावं लागतं. बाकी सगळं आवळता येतं: दुसऱ्या हाताची मूठ, पोट, आणि मुख्य म्हणजे मांड्या-पोटऱ्या. आदल्या आठवड्यात एक हात सैल सोडून उरलेलं अंग आवळायचा वेगळा सराव करून ठेवा, कारण ऐनवेळी ते जमत नाही. पहिली फेरी दंडाला पट्टा बांधतात तेव्हा सुरू करा आणि कापूस लावून झाल्यावरही चालू ठेवा. पुष्कळांना घेरी सुई निघाल्यानंतर, उठून उभं राहताना येते.

रक्तदान शिबिरात आणखी काळजी लागते, कारण तिथे भीतीच्या जोडीला खरोखरच 350 किंवा 450 मिलीलिटर रक्त अंगातून कमी होतं. उपास करून, रात्रपाळी करून किंवा तासभर उन्हात रांगेत उभं राहून रक्तदानाला बसू नका. पोटभर खाऊन, झोप झालेली असताना या. आणि ज्यांना नुसत्या सॅम्पललाही घेरी येते त्यांनी वरच्या पायऱ्या पुऱ्या केल्यावरच दान करावं.

दुसऱ्याला घेरी आली तर

त्याला आडवं होऊ द्या. एवढं केलं तरी निम्म्याहून जास्त काम होतं. आपल्याकडे दोघं-तिघं मिळून बेशुद्ध माणसाला धरून खुर्चीत बसवतात, गालावर थापट्या मारतात, तोंडात पाणी घालतात. यातलं पहिलं सर्वांत वाईट. पडणं हा शरीराचा स्वतःचा उपाय आहे: डोकं हृदयाच्या पातळीला आलं की रक्त पोहोचतं. बळेच ताठ बसवलं तर मेंदू तसाच उपाशी राहतो. म्हणून सपाट झोपवा, पाय उशीवर किंवा स्टुलावर उचलून ठेवा, कॉलर आणि पट्टा सैल करा, गर्दी हटवा. उलटी येईलसं वाटलं तर कुशीवर वळवा.

बेशुद्धीत हातपाय काही सेकंद झटकले जाऊ शकतात, डोळे उघडे राहू शकतात. लगेच "फिट आली" म्हणून कुणी कांदा फोडायला धावतं, कुणी चप्पल हुंगवायला आणतं. त्याची गरज नाही. रक्त कमी पडलेल्या मेंदूतून असे झटके येतात आणि थोडक्यात थांबतात. शुद्धीवर आल्यावर माणूस लगेच ओळखतो, नीट बोलतो. झटके मिनिटभर किंवा जास्त चालले, जिभेची कड चावली गेली, किंवा नंतर बराच वेळ तो भ्रमात राहिला, तर ती फिट असू शकते आणि तपासणी हवी.

मिनिट-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, किंवा पडताना डोक्याला मार लागला, तर 108 ला फोन करा. श्वास चालत नसेल किंवा नुसते आचके येत असतील तर ही घेरी नव्हे. 108 ला कळवा आणि लगेच छाती दाबायला सुरुवात करा.

शुद्ध आल्यावर त्याला बरं वाटतं, ओशाळतो आणि पटकन उठून जायला बघतो. जाऊ देऊ नका. दहा-पंधरा मिनिटं आडवं, मग पाय खाली सोडून काही मिनिटं बसणं, पूर्ण भानावर आल्यावरच पाणी किंवा सरबत, आणि त्यानंतर मांड्या आवळून उभं राहणं, या क्रमानं घ्या. बाथरूमला जायचं म्हणाला तर बरोबर कुणीतरी जा आणि कडी लावू देऊ नका. दुसरी घेरी तिथे येऊ शकते, आणि बंद दाराआड फरशीवर पडलेल्या माणसापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. त्या दिवशी त्याला दुचाकी चालवत घरी पाठवू नका.